बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरची (पीओ) मुलाखत: 'खोटी नोट परत द्या' म्हणाला तर? आणि 'बँकच का?' यावरचा दुसरा प्रश्न

चाकणचा_मेक
मेन्स निघाली. मुलाखतीला अठरा दिवस आहेत. मागच्या वर्षीही इथपर्यंत आलो होतो, म्हणून या वेळी पाठांतर कमी आणि विचारपूस जास्त करायची ठरवलं आहे.

माझी पार्श्वभूमी अशी: मेकॅनिकल इंजिनिअरिंग, नंतर दोन वर्षं चाकणला एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत व्हेंडर क्वालिटीला. मागच्या वेळी दोन ठिकाणी पाय घसरला.

पहिलं, "इंजिनिअर असून बँकेत का?" मी सांगितलं: स्थिर नोकरी, लोकांची सेवा, वित्तीय समावेशन. पॅनेलवरच्या मॅडम म्हणाल्या, "काउंटरवर बसून समावेशन कसं करणार ते सांगा." मी जनधन योजना 28 ऑगस्ट 2014 ला सुरू झाली हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

दुसरं, प्रसंगावरचा प्रश्न. पंधरा वर्षांपासूनचा ग्राहक 40,000 रुपये भरायला आला, सगळ्या पाचशेच्या नोटा. त्यात एक खोटी निघाली. तो म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का? द्या ती नोट, जिथून आली तिथे परत करतो." तुम्ही काय कराल? मी म्हणालो की संबंध बिघडू नयेत म्हणून नोट परत देईन आणि पुढच्या वेळी काळजी घ्यायला सांगेन. समोरच्या तिघांपैकी एक जण चक्क हसले.

तर ही दोन उत्तरं नीट कशी असायला हवी होती?

एक_प्रयत्न_अजून
नोटेचं सोपं आहे भावा. खोटी नोट म्हणजे गुन्हा. ग्राहकाला बसवून ठेवायचं, पोलिसांना फोन करायचा, एफआयआर. नियमावर ठाम राहिलास की पॅनेल खूश. सगळ्या क्लासमध्ये हेच सांगतात.

पूर्वा_वि
मी तीन वर्षांपूर्वी पीओ लागले, प्रोबेशन संपलंय. वरच्या उत्तरावर पॅनेल खूश होणार नाही, कारण ते अर्धंच बरोबर आहे. नोट परत द्यायची नाही, इथपर्यंत ठीक. पण एका नोटेसाठी कुणी एफआयआर करत नाही. एकाच व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा आल्या तर महिनाअखेर सगळ्यांचा मिळून एक अहवाल पोलिसांकडे जातो. पाच किंवा जास्त असतील तर मात्र लगेच एफआयआर. मुलाखतीत नेमकं इथेच पकडतात, कारण चार आणि पाच यांच्यामधली रेष ज्याला माहीत आहे त्याने रिझर्व्ह बँकेच्या सूचना एकदा तरी वाचलेल्या असतात.

जुनी_लेजर
निवृत्त आहे. शाखेत बरीच वर्षं गेली, शेवटी थोडा काळ पॅनेलवरही बसलो. पूर्वा यांनी मुद्दा बरोबर सांगितला. मी फक्त काउंटरवर प्रत्यक्षात काय घडतं ते क्रमाने सांगतो, कारण उमेदवार नियम सांगतात आणि माणसाला विसरतात.

चाळीस हजार म्हणजे ऐंशी नोटा. मशीनने एक बाजूला काढली. कॅशियर ती हाताने बघतो. आत्ताच्या पाचशेच्या नोटेत सुरक्षा धागा तिरका धरला की हिरव्याचा निळा होतो, कडेला पाच उठावदार रेघा बोटाला लागतात. खात्री झाली की ग्राहकाच्या समोरच त्या नोटेवर खोटी असल्याचा शिक्का मारायचा. समोरच, आत नेऊन नाही. आत नेऊन बाहेर आणलेली नोट 'माझी नव्हतीच' असं ग्राहक म्हणू शकतो, आणि मग तुमच्याकडे उत्तर नसतं.

मग रजिस्टरला नोंद. मग पावती, ठरलेल्या नमुन्यात, अनुक्रमांकासह. तिच्यावर कॅशियरची सही आणि ग्राहकाची सही. ग्राहक सही करत नसेल तरी पावती द्यायचीच. खात्यात जमा 39,500. भरण्याची स्लिप चाळीस हजारांची आहे, म्हणून ती बदलून घ्यायची किंवा त्याच्याकडून दुसरी खरी नोट घेऊन चाळीस पुरे करायचे. हा स्लिपचा मुद्दा जो उमेदवार सांगतो, त्याने बँकेत निदान भरणा तरी केलेला असतो असं आम्ही समजायचो.

आणि नोट परत दिली तर? तर ती पुन्हा बाजारात गेली आणि ती तुमच्या हातून गेली. रिझर्व्ह बँक याकडे बँकेने जाणूनबुजून खोटी नोट चलनात सोडली असं बघते. म्हणून ते सर हसले असतील. मनावर घेऊ नका.

किराणा_गल्ली
मला इथे बोलायचंय. दोन महिन्यांपूर्वी माझ्या दुकानाच्या भरण्यात दोन नोटा खोट्या निघाल्या. बँकेने ठेवून घेतल्या, हजार रुपये गेले, आणि पावतीबिवती काही दिली नाही. "नियम आहे" एवढंच. आता मला ते हजार कुठून मिळतील? माझी काय चूक?

जुनी_लेजर
किराणा_गल्ली, हजार मिळणार नाहीत, हे स्पष्ट सांगतो. खोट्या नोटेचा मोबदला बँक देत नाही. पण पावती तुमचा हक्क होता. शाखेत लेखी अर्ज करा, तारीख आणि भरण्याची स्लिप जोडा, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नेता येते. 2021 पासून बँका, बिगरबँक वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तक्रारींसाठी ती एकत्रित योजना आहे.

चाकणचा_मेक, हा प्रतिसाद नीट वाचा. पॅनेलला जो ग्राहक दिसतो तो हाच. त्याचे पाचशे जात असतात आणि वर त्याच्यावर संशय घेतल्यासारखं त्याला वाटतं. तुमच्या उत्तरात त्याच्यासाठी एक वाक्य हवं.

पूर्वा_वि
ते वाक्य मी काउंटरवर असं म्हणते: "काका, ही नोट तुम्ही बनवली असं कुणी म्हणत नाहीये. पण आता ती माझ्या हातात आल्यावर मला ती सोडता येत नाही. ही पावती घ्या." तुम्हाला कुणी फसवलं हे शोधायचं असेल तर आठवून ठेवा, एवढंही सांगते. कायद्यातही खोटी असल्याचं माहीत असून वापरणं आणि नकळत हातात येणं यात फरक आहे. बहुतेक जण धुसफुसतात आणि जातात. एकजण महिनाभर दुसऱ्या काउंटरला जात होते, मग परत माझ्याकडे यायला लागले.

एक_प्रयत्न_अजून
ठीक, चार-पाचचं मला माहीत नव्हतं. पण मग मी म्हणेन की "मॅनेजर साहेबांना कळवेन". सुरक्षित उत्तर आहे ना?

जुनी_लेजर
एका नोटेसाठी मॅनेजरकडे धावलात तर पुढचा प्रश्न येतो: "मॅनेजर रजेवर आहेत आणि प्रभारी तुम्हीच आहात, आता?" पीओला अधिकारी म्हणून घेतात. सहा नोटा निघाल्या तर मॅनेजरना कळवणं योग्यच, कारण पोलिसांकडे बँकेच्या वतीने जायचं असतं. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला 'वरिष्ठांना विचारेन' लावलं की उत्तर पातळ होतं.

सहा नोटांच्या प्रश्नातही एक सापळा आहे. मुलं म्हणतात, त्या ग्राहकाविरुद्ध गुन्हा नोंदवू. तुम्ही नोटा सापडल्याची फिर्याद देता. आरोपी कोण हे पोलिसांनी बघायचं. ग्राहकाला कोंडून ठेवणं हे तुमचं काम नाही.

भरतीवाला_भाऊ
मध्ये विचारतो, राग मानू नका. आयबीपीएसची मुलाखत 100 गुणांची असते म्हणतात. म्हणजे मेन्सच्या गुणांना फारसा अर्थ नाही, सगळं मुलाखतीवरच ना? आणि टाय लागतो का?

पूर्वा_वि
100 पैकी गुण देतात, पण अंतिम यादीत मेन्स आणि मुलाखत 80:20 ने धरतात. म्हणजे मुलाखतीत दहा गुण जास्त मिळाले तर शेवटी दोनचा फरक. यादीत दोन गुणांवर बँक बदलते, त्यामुळे हलकं घेऊ नका. खुल्या वर्गाला मुलाखतीत किमान 40 टक्के लागतात, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना 35. स्टेट बँकेचं गणित वेगळं आहे.
टाय मी लावला नव्हता. इस्त्रीचा कुर्ता होता.

चाकणचा_मेक
मला मागच्या वेळी 43 होते. म्हणजे काठावर. आता 'बँकच का' बद्दल कुणी सांगेल का? नोकरीची स्थिरता हे माझं खरं कारण आहे, ते खोटं नाही. पण ते म्हटलं की 'मग रेल्वेत जा' असं म्हणतात.

जुनी_लेजर
स्थिरता सांगा, त्यात लाज नाही. फक्त ते एकटं कारण पुरत नाही, कारण ते कुठल्याही सरकारी खुर्चीला लागू पडतं. तुमच्या दोन वर्षांत असं काय पाहिलंत जे बँकेशिवाय दुसरीकडे लागू होत नाही? व्हेंडर क्वालिटीला होतात ना? छोट्या वर्कशॉपमध्ये जायचात ना?

चाकणचा_मेक
हो, भोसरीच्या एका शॉपमध्ये दर आठवड्याला. सहा लेथ, दोन सीएनसी. मालक स्वतः मशीनवर उभे राहायचे. आमच्याकडून त्यांना पैसे नव्वद दिवसांनी जायचे, कधी त्याहून उशिरा. एकदा लॉट थांबला. मी रिजेक्शनची चौकशी करायला गेलो, तर क्वालिटीचा विषयच नव्हता. कच्चा माल, म्हणजे धातूचे बार, घ्यायला पैसे नव्हते. बँकेची लिमिट भरलेली होती. तेव्हा मला लिमिट म्हणजे काय तेही कळलं नव्हतं.

जुनी_लेजर
हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत? हेच तुमचं 'बँकच का'. पण हे सांगितलंत की पुढचे प्रश्न याच दुकानावर येणार, म्हणून आत्ताच करून घेऊ.

समजा त्या वर्कशॉपची वर्षाची अपेक्षित विक्री 1 कोटी 20 लाख. छोट्या उद्योगाच्या खेळत्या भांडवलासाठी बँका जी जुनी साधी पद्धत वापरतात, ती अशी: वर्षाच्या विक्रीच्या पाव हिस्सा ही गरज धरायची, म्हणजे 30 लाख. त्यातले विक्रीच्या 20 टक्के, म्हणजे 24 लाख बँकेचे, आणि 5 टक्के, म्हणजे 6 लाख मालकाचे स्वतःचे. 24 लाखांची कॅश क्रेडिट लिमिट, म्हणजे लागेल तशी उचलायची आणि भरायची कर्जमर्यादा.

आता तुमचा अनुभव त्यावर ठेवा. महिन्याची विक्री दहा लाख. तुमची कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते, म्हणजे तीन महिन्यांची विक्री, तीस लाख, तुमच्याच कंपनीकडे अडकलेली. गरज धरली होती ती सगळी तिथेच संपली. बार कशाने आणणार? आणि पैसे 120 दिवसांवर गेले तर चाळीस लाख अडकतात, लिमिट मात्र चोवीसच. शिवाय नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी बँक साधारणपणे उचल देताना हिशेबात धरत नाही, म्हणजे हाताशी असलेली उचलही कमी होते. लॉट यामुळे थांबला. त्या माणसाच्या कामात खोट नव्हती.

हे पॅनेलसमोर चार वाक्यांत सांगा. आकडे मनाने बनवू नका. त्या वर्कशॉपची खरी विक्री माहीत नसेल तर "समजा" म्हणा.

पूर्वा_वि
आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्ही बँकेत असतात तर काय केलं असतं?" इथे "लिमिट वाढवून दिली असती" म्हणू नका. मी तसंच म्हणाले होते. त्यावर सर म्हणाले, "म्हणजे मोठी कंपनी उशिरा पैसे देणार आणि त्याचं व्याज छोट्याने भरायचं?" मी गप्प.

एक_प्रयत्न_अजून
लघुउद्योगाला 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. मग हा प्रश्नच येत नाही. मालकाने तक्रार करायची.

चाकणचा_मेक
कायदा आहे, 2006 चा. पण आमच्या एकाही व्हेंडरने तक्रार केलेली मी पाहिली नाही. तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते हे त्यांना माहीत असतं. परचेसवाले तोंडाने बोलत नाहीत इतकंच.

जुनी_लेजर
हे तुमचं उत्तर कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही, जपून ठेवा. बँकर म्हणून तिथे ट्रेड्सचा पर्याय येतो. बिल त्या ऑनलाइन मंचावर चढवायचं, मोठ्या कंपनीने ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि व्हेंडरला काही दिवसांत पैसे मिळतात. मुदत संपल्यावर वसुली मोठ्या कंपनीकडून होते, व्हेंडरकडून नाही. व्याजही त्या मोठ्या कंपनीची पत बघून ठरतं, म्हणून ते साधारणपणे कमी पडतं. मर्यादा अशी की मोठी कंपनी मंचावर हवी आणि तिने बिल मान्य करायला हवं. ती बिलावर बसून राहिली तर मंच काही करू शकत नाही.

आता एक प्रश्न मी विचारतो, पॅनेलवर असतो तसा. त्या वर्कशॉपचं कॅश क्रेडिट खातं एनपीए, म्हणजे थकीत, कधी होईल?

भरतीवाला_भाऊ
सोपं! नव्वद दिवस हप्ता थकला की.

एक_प्रयत्न_अजून
हो, 90 दिवस. एसएमए-0, एसएमए-1, एसएमए-2 या थकबाकीच्या पायऱ्या आणि मग एनपीए. पाठ आहे.

चाकणचा_मेक
थांबा. कॅश क्रेडिटला हप्ता असतो का?

जुनी_लेजर
नसतो. यावर दहातले आठ पडतात. हप्ता मुदत कर्जाला. कॅश क्रेडिटमध्ये बघायचं ते असं: खात्यातली बाकी सलग 90 दिवस लिमिटच्या किंवा मान्य उचलीच्या वर राहिली का? किंवा बाकी आत आहे, पण 90 दिवस खात्यात काहीच जमा नाही, किंवा जमा झालं ते लागलेल्या व्याजालाही पुरलं नाही? यातलं एक जरी झालं तरी खातं एनपीए.

तुमच्या वर्कशॉपला लावून बघा. मालक प्रामाणिक आहे, ऑर्डरी आहेत, पण कंपनीचे पैसे चार महिने आले नाहीत. लिमिट गच्च भरलेली आणि व्याज वर चढलेलं. म्हणजे एकही कर्ज बुडवायचा हेतू नसताना खातं घसरू शकतं. हे जो उमेदवार स्वतःच्या पाहण्यातून सांगतो, त्याला आम्ही एनपीएची व्याख्या विचारायचो नाही.

आणि पिकाच्या कर्जाला नव्वद दिवसांचा नियम चालत नाही, तिथे हंगाम मोजतात. ग्रामीण भागातून आलेल्यांनी ते बघून जावं. इथे नको, धागा भरकटेल.

किराणा_गल्ली
मी अर्ज दिला. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, रजिस्टर बघून सांगते. पोच मिळाली.

चाकणचा_मेक
काल मॉक दिला, इथलंच सगळं वापरून. 'बँकच का' ला भोसरीची गोष्ट सांगितली, साधारण सव्वा मिनिट. लगेच विचारलं, "मग तुम्हाला खेळत्या भांडवलातच काम हवंय? पहिली पोस्टिंग गडचिरोलीच्या शाखेत आली, तिथे वर्कशॉप नाही, तर?" मी म्हणालो की तिथेही माल उधार देणारा आणि पैशाची वाट बघणारा कुणीतरी असेलच, धानाचा व्यापारी असेल, बचत गट असेल. बरं होतं का माहीत नाही. जरा जुळवून घेतल्यासारखं वाटलं मलाच.

नोटेचा प्रश्न आला, पण फिरवून. ग्राहकाने शिक्का मारायच्या आधीच नोट हिसकावून घेतली आणि निघाला, तर? मी अडकलो.

पूर्वा_वि
मी तरी त्याच्या मागे धावणार नाही. स्लिपवर नाव, खातं आहे. सीसीटीव्ही जपून ठेवायला सांगेन, शाखाप्रमुखांना लेखी कळवेन.

जुनी_लेजर
मीही धावणार नाही. पण मी पोलिसांना त्याच दिवशी कळवलं असतं, एकच नोट असली तरी. हिसकावणं हे नकळत बाळगणाऱ्याचं वागणं नव्हे.

पूर्वा_वि
काका, माणूस घाबरूनही हिसकावतो. पाचशे रुपये त्याच्यासाठी दोन दिवसांची मजुरी असू शकते. आधी खात्यावरच्या नंबरवर फोन करून बोलावून बघेन, मग पोलीस.

जुनी_लेजर
तोपर्यंत नोट पानाच्या टपरीवर चाललेली असते. यावर आपलं जमणार नाही. पॅनेलवर आमचंही जमत नसे. मेक, यातलं जे तुम्हाला पटतं ते बोला, फक्त कारण तयार ठेवा, कारण दुसरी बाजू ते मांडणारच.

चाकणचा_मेक
अजून एक उरलंय. दोन वेळा राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दिली आहे. विचारलं तर सांगायचं का?

एक_प्रयत्न_अजून
अजिबात नाही. सांगितलंस की ते म्हणतात हा सोडून जाणार.

पूर्वा_वि
मी सांगितलं होतं, आणि निवड झाली. पण माझा तेव्हा प्रयत्न संपलेला होता. तुमचा चालू आहे का?

चाकणचा_मेक
पुढच्या वर्षीचा फॉर्म भरलाय. घरी सांगितलेलं नाही.